'दोनदा रीसेट मारून टाक' म्हणणाऱ्यांसाठी

मंडळी, आजची पोस्ट जरा रागाची आहे. कॉफी हातात घेऊन लिहितोय, त्यामुळे शब्द थोडे कडू झाले तर समजून घ्या.

आमच्या धंद्यात काही वाक्यं मंत्रासारखी झाली आहेत. अर्थ विचारायचा नाही, फक्त म्हणायची. त्यातलंच एक म्हणजे "डोमेन कॉम्प्रोमाइज झालं ना? krbtgt दोनदा रीसेट मारून टाक." मीटिंगमध्ये हे कोणी म्हटलं की बाकीचे माना डोलावतात, मिनिट्समध्ये एक ओळ वाढते आणि सगळे जेवायला जातात. दोनदाच का? तीनदा का नाही? दोन्हींच्या मध्ये काय करायचं? हे विचारलं की समोरचा माणूस फोन बघायला लागतो.

या मंत्राचा विरुद्ध पंथही आहे. ते म्हणतात, "हात लावू नकोस रे, सगळ्यांचं लॉगिन बंद पडेल." या पंथाच्या डोमेनमध्ये krbtgt चा पासवर्ड डोमेन जन्माला आलं त्या दिवशीचा असतो, किंवा फार तर फंक्शनल लेव्हल वाढवली त्या दिवशीचा.

माझं म्हणणं असं की दोन्ही पंथ चुकतात आणि दोघांची चूक एकच आहे. दोघांनाही वाटतं की पहिला रीसेट आणि दुसरा रीसेट हे एकच काम आहे, फक्त दोनदा केलेलं. तसं नाहीये. पहिला रीसेट प्रामाणिक माणसांसाठी असतो आणि दुसरा चोरासाठी. खरं काम या दोन्हींच्या मधल्या वेळात असतं, आणि नेमकं तेच कोणाच्या चेकलिस्टमध्ये नसतं.

आधी शिक्क्याची गोष्ट

ज्यांना अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीशी रोज मारामारी करावी लागत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

सकाळी तुम्ही ऑफिसात लॉगिन करता तेव्हा डोमेन कंट्रोलर, म्हणजे डीसी, तुम्हाला एक पास देतो. त्याला टीजीटी म्हणतात. दिवसभरात फाइल सर्व्हर, मेल, प्रिंटर, काहीही हवं असलं की तुमचं मशीन हा पास डीसीला दाखवतं आणि त्या-त्या सेवेचं वेगळं तिकीट घेतं. पासवर डीसीचा शिक्का असतो. हा शिक्का म्हणजेच krbtgt या खात्याच्या पासवर्डपासून बनलेली किल्ली. खातं डिसेबल्ड असतं, त्याने कोणी लॉगिन करत नाही, पण डोमेनमधला प्रत्येक पास त्याच्याच किल्लीने बंद होतो आणि तिनेच उघडतो.

आता चोराने डीसीवरून ही किल्ली उचलली, की तो घरबसल्या स्वतःचे पास छापू शकतो. नाव कोणाचंही, अधिकार कोणतेही, मुदत दहा वर्षांची. यालाच गोल्डन तिकीट म्हणतात. मिमिकॅट्झच्या कर्त्याने 2014 च्या ब्लॅक हॅट परिषदेत याचं प्रात्यक्षिक दिलं, तेव्हापासून हा प्रकार जगजाहीर आहे. तुम्ही सगळ्या अ‍ॅडमिन लोकांचे पासवर्ड बदललेत तरी त्याला फरक पडत नाही, कारण त्याच्याकडे पासवर्ड नाहीये, शिक्का आहे.

शिक्का बदलायचा तर अडचण अशी की या क्षणी शेकडो लोकांच्या मशीनमध्ये जुन्या शिक्क्याचे पास आहेत. म्हणून डीसी दोन शिक्के लक्षात ठेवतो, आत्ताचा आणि त्याच्या आधीचा. नवे पास नव्या शिक्क्याने देतो, पण कोणी आधीच्या शिक्क्याचा पास आणला तर तोही मान्य करतो. मंत्रातल्या "दोनदा"चं मूळ हेच आहे. एकदा बदललंत तर चोराचा शिक्का "आधीचा" होतो आणि चालत राहतो. दुसऱ्यांदा बदललंत की तो आठवणीतून जातो. तीनदा करायची गरज नाही.

यावरून दोन गोष्टी आपोआप निघतात. पहिला रीसेट केल्यावर लॉगिन बंद पडत नाही, कारण जुने पास चालतातच. म्हणजे "हात लावू नकोस" पंथाची भीती पहिल्या रीसेटपुरती तरी निराधार आहे. आणि पहिल्या रीसेटने चोरही बाहेर जात नाही, अगदी त्याच कारणाने.

दहा तास कुठून आले?

पासची मुदत डीफॉल्ट 10 तास असते. नूतनीकरणाची मर्यादा 7 दिवस. इथे बरेच जण गोंधळतात आणि म्हणतात, मग दुसऱ्या रीसेटसाठी सात दिवस थांबायला हवं. नाही हो. पासचं नूतनीकरण करायचं तर तो संपायच्या आत डीसीकडे न्यावा लागतो, आणि डीसी परत देतो तो पास नव्या शिक्क्याचा असतो. म्हणजे पहिल्या रीसेटनंतर दहा तासांत प्रत्येक प्रामाणिक पास एकतर संपलेला असतो किंवा नव्या शिक्क्यावर आलेला असतो. घड्याळांतल्या फरकासाठी डीफॉल्ट 5 मिनिटांची सूट असते, तीही धरा. मी सरळ बारा तास धरतो. फक्त त्याआधी आपल्या डोमेन पॉलिसीत हे आकडे खरंच डीफॉल्ट आहेत ना ते बघा. कोणीतरी कधीतरी रात्रीच्या बॅच जॉबसाठी 10 चे 24 केलेले असू शकतात.

पण हे दहा तास कधीपासून मोजायचे? सगळे म्हणतात, रीसेट केल्यापासून. इथेच घोडं पेंड खातं.

तुम्ही रीसेट करता एका डीसीवर, शक्यतो पीडीसी एम्युलेटरवर. बाकीच्या डीसींना तो रेप्लिकेशनने कळतो. एकाच साइटमध्ये हे काही सेकंदांत होतं, पण साइट-साइटमध्ये डीफॉल्ट अंतर 180 मिनिटांचं आहे. जोवर एखाद्या डीसीला नवा शिक्का मिळालेला नाही, तोवर तो बिचारा जुन्याच शिक्क्याने नवेकोरे पास वाटत असतो. म्हणून घड्याळ सुरू होतं ते शेवटच्या डीसीला नवा शिक्का पोचल्यावर, तुम्ही बटण दाबल्यावर नाही.

एका शनिवारची गोष्ट

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. कंपनीचं नाव नको. एक डोमेन, पाच डीसी. तीन मुख्य ऑफिसात, एकेक दोन कारखान्यांत. एका डीसीवर `ntds.dit` ची कोणीतरी काढलेली प्रत सापडली होती. ही फाइल म्हणजे डोमेनमधल्या प्रत्येक खात्याच्या किल्ल्यांचा डबा, krbtgt सकट. आठवडाभर झाडलोट झाली, अ‍ॅडमिन खाती बदलली, चोराचे रस्ते एकेक करून बंद केले, आणि शनिवारी रात्री शिक्का बदलायचं ठरलं.

आधी सध्याची स्थिती बघितली:

```
Get-ADUser krbtgt -Properties PasswordLastSet,'msDS-KeyVersionNumber'
```

पासवर्ड बदलल्याची तारीख 2011 ची, आवृत्ती 2. म्हणजे डोमेन जन्मल्यापासून कोणी शिवलेलंच नाही.

रात्री 10:05 ला पहिला रीसेट. नेहमीच्या यूजर्स अँड कॉम्प्युटर्स खिडकीत जाऊन, जसा कोणाचाही पासवर्ड बदलतो तसाच. तिथे तुम्ही काय टाइप करता याला काहीच अर्थ नसतो. डीसी तुमचा शब्द बाजूला ठेवून स्वतःच एक लांबलचक यादृच्छिक पासवर्ड बनवतो. त्यामुळे "हा पासवर्ड तिजोरीत ठेवायचा का?" असं विचारणाऱ्या ऑडिटरला प्रेमाने नाही म्हणा :)

10:10 ला कॉलवरच्या वरिष्ठांचा आवाज आला, "झालं ना? आता लगेच दुसरा मार आणि झोपा सगळे."

मी म्हटलं, "सर, दहा मिनिटं द्या, सगळ्या डीसींवर पोचलंय का बघतो."

"अरे पोचतं रे ते. रेप्लिकेशन कशासाठी असतं?"

बघायची पद्धत अशी:

```
repadmin /showobjmeta * "CN=krbtgt,CN=Users,DC=corp,DC=example"
```

हा प्रत्येक डीसीला विचारतो की तुझ्याकडे या खात्याची कोणती आवृत्ती आहे. `unicodePwd` आणि `pwdLastSet` या ओळींसमोरचा आवृत्ती क्रमांक आणि वेळ सगळीकडे सारखी दिसली पाहिजे. मुख्य ऑफिसातले तिघे लगेच नव्या आवृत्तीवर होते. पहिला कारखाना 10:50 ला आला. दुसरा कारखाना? अकरा वाजले, साडेअकरा वाजले, जुनीच आवृत्ती. `repadmin /showrepl` बघितलं तर शेवटचं यशस्वी रेप्लिकेशन नऊ दिवसांपूर्वीचं!

कारण अगदी साधं होतं. झाडलोटीच्या उत्साहात फायरवॉलवाल्यांनी कारखान्याच्या लिंकवर 49152 ते 65535 हे पोर्ट बंद केले होते. रेप्लिकेशनला लागणारे डायनॅमिक आरपीसी पोर्ट तेच. 88 आणि 445 उघडे होते, त्यामुळे लॉगिन चालत होतं, फाइली उघडत होत्या आणि कोणालाही काही जाणवलं नव्हतं.

आता विचार करा, 10:10 ला मी दुसरा रीसेट मारला असता तर काय झालं असतं? मुख्य ऑफिसात आवृत्ती 4, कारखान्यात अजून 2. अहवालात "krbtgt दोनदा रीसेट, काम पूर्ण" असं लिहिलं गेलं असतं. आणि चोराचा शिक्का कारखान्यातल्या त्या एका डीसीवर मजेत चालू राहिला असता. त्याने बनावट पास त्या डीसीला दाखवायचा, तो डीसी मान्य करणार, आणि मुख्य ऑफिसातल्या फाइल सर्व्हरचं अस्सल तिकीट काढून देणार. ते तिकीट फाइल सर्व्हरच्या स्वतःच्या किल्लीने बनलेलं असतं, त्यामुळे सर्व्हरला शंका यायचं कारणच नाही. पाचपैकी चार दारांना नवं कुलूप, आणि पाचव्याची किल्ली चोराच्या खिशात.

शिवाय कारखान्यातल्या लोकांचे हाल वेगळेच. त्यांचं मशीन आपल्या डीसीशी बोलतंय तोवर सगळं ठीक. ते कधी मुख्य ऑफिसातल्या डीसीकडे वळलं की जुन्या शिक्क्याचा पास नाकारला जाणार. कधी चालतं, कधी नाही, रीस्टार्ट केलं की चालतं. असल्या तक्रारी हेल्पडेस्कवर आठवडाभर फिरत राहतात आणि त्यांचा संबंध शनिवार रात्रीशी कोणी जोडत नाही.

फायरवॉल दुरुस्त व्हायला रात्रीचे अडीच वाजले. 2:30 ला पाचही डीसी आवृत्ती 3 वर आले. माझं घड्याळ तिथून सुरू. दहा तास म्हणजे दुपारचे साडेबारा. आम्ही रविवारी दुपारी 3 ला दुसरा रीसेट केला, आवृत्ती 4, परत तोच तपास, आणि पाचही डीसी चाळीस मिनिटांत जुळले. सोमवारी सकाळी हेल्पडेस्कला याबद्दल एकही फोन नाही.

वरिष्ठ म्हणाले, "बघ, काहीच झालं नाही. उगाच रात्र जागवलीस." असो.

थांबण्याचा दुसरा फायदा, जो कोणी सांगत नाही

दुसऱ्या रीसेटनंतर जुन्या शिक्क्याचा पास घेऊन कोणी आलं तर डीसीच्या सिक्युरिटी लॉगमध्ये 4769 ही नोंद अपयशाच्या 0x1F या कोडसह पडते. पास उघडता आला नाही, असा त्याचा अर्थ. (अपयशाचं ऑडिट चालू असलं तर. तेही आधीच तपासा.) नोंदीत क्लायंटचा आयपी पत्ता असतो.

तुम्ही पूर्ण वेळ थांबला असाल तर या नोंदी जवळपास शून्य असायला हव्यात, कारण प्रामाणिक माणसाकडे तो पास उरलेलाच नसतो. त्यामुळे जी एखादी नोंद येते ती सोन्याची असते. आमच्याकडे रविवारी 5:40 ला अशी एक नोंद आली, अकाउंट्स विभागातल्या एका मशीनवरून. रविवारी तिथे कोणीही बसलेलं नव्हतं. आठवडाभराच्या झाडलोटीतून निसटलेलं ते मशीन आम्हाला असं सापडलं.

हेच लागोपाठ दोन रीसेट मारले असते तर? त्या वेळी चालू असलेल्या प्रत्येक मशीनचा, प्रत्येक सर्व्हिसचा पास एका फटक्यात बाद. बहुतेक विंडोज मशीन गुपचूप नवा पास घेतात, काही ठिकाणी पासवर्ड किंवा स्मार्टकार्डचा पिन परत मागितला जातो, आणि पास जपून ठेवणारी काही सर्व्हर अ‍ॅप्लिकेशन रीस्टार्ट केल्याशिवाय शुद्धीवर येत नाहीत. या सगळ्यांच्या शेकडो 0x1F नोंदींच्या गर्दीत चोराची नोंद कोण शोधणार? घाई करून आपणच त्याला लपायला जत्रा भरवून देतो.

"पण तोवर चोर आतच ना!"

हा आक्षेप खरा आहे आणि त्याला टाळायचं नाही. मधल्या वेळात चोराचा शिक्का चालतो. इतकंच नाही, तो आपला बनावट पास डीसीकडून नूतनीकरण करून नव्या शिक्क्यावर नेऊ शकतो. किंवा सरळ डीसी असल्याची बतावणी करून रेप्लिकेशनने नवीन किल्लीच मागून घेऊ शकतो. तसं झालं तर तुमचे दोन्ही रीसेट पाण्यात.

पण नीट बघा, हा आक्षेप थांबण्यावर नाहीच, क्रमावर आहे. चोर डोमेनमध्ये मोकाट फिरत असताना शिक्का बदलणं हेच व्यर्थ आहे, मग मध्ये दहा तास असोत की दहा मिनिटं. आधी त्याचे हातपाय बांधायचे: त्याची मशीन तोडायची, बाहेरच्या जगाशी त्याचा संपर्क तोडायचा, अधिकाराची खाती बदलायची, रेप्लिकेशनचा अधिकार डीसींखेरीज कोणाकोणाकडे आहे ते बघून काढून घ्यायचा. मग शिक्का. आणि मधल्या वेळात कोणीतरी जागं राहून लॉगवर नजर ठेवायची.

आणि खरोखरच तशी वेळ आली, चोर आत्ता या क्षणी बनावट पास वापरतोय आणि त्याला अडवायचा दुसरा मार्ग नाही, तर करा दोन्ही रीसेट लवकर. मी स्वतः करीन. पण किंमत माहीत असू द्या: लोकांना परत लॉगिन करावं लागेल, काही सर्व्हर रीस्टार्ट करावे लागतील, आणि 0x1F ची धोक्याची घंटा काही तास बधिर होईल. आणि त्या घाईतही दोन्हींच्या मध्ये सगळ्या डीसींवर आवृत्ती जुळल्याचं बघावंच लागेल. वाट न बघता `repadmin /replsingleobj` ने हे एकच खातं एकेका डीसीवर ढकलता येतं, मिनिटांत होतं. दहा तास सोडता येतात, रेप्लिकेशनची खात्री सोडता येत नाही. या पोस्टमधलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये यासाठी एक स्क्रिप्ट दिली होती. तिच्यात आधी नुसती पाहणी, मग रंगीत तालीम आणि मग खरा रीसेट, असे तीन टप्पे होते. एका रीसेटसाठी तीन टप्पे का, याचा विचार "मारून टाक" पंथाने जरूर करावा.

शेवटचं, आणि मग मी गप्प बसतो

दुसरा रीसेट झाला म्हणजे घर स्वच्छ झालं असं नाही. त्याने फक्त या एका डोमेनचे बनावट पास बाद होतात. `ntds.dit` गेली असेल तर प्रत्येक यूजरच्या, सर्व्हिस खात्याच्या आणि सर्व्हरच्या किल्ल्याही गेल्या आहेत, आणि त्यांच्या जोरावर थेट एखाद्या सेवेचं तिकीट बनवता येतं, ज्याला krbtgt लागतच नाही. रीड-ओन्ली डीसींचं प्रत्येकी वेगळं krbtgt खातं असतं, ते यात बदलत नाही. फॉरेस्टमधल्या प्रत्येक डोमेनचंही वेगळं. ही सगळी स्वतंत्र कामं आहेत, आणि "दोनदा मारलं" या ओळीखाली ती झाकली जातात हा माझा मोठा राग आहे.

म्हणून यापुढे मीटिंगमध्ये कोणी म्हणालं की krbtgt दोनदा रीसेट झालंय, तर एवढंच विचारा: "पहिल्या रीसेटनंतर शेवटच्या डीसीवर नवी आवृत्ती किती वाजता पोचली?" वेळ सांगता आली तर काम झालंय. समोरचा फोन बघायला लागला तर झालेलं नाही.

चला, कॉफी संपली. भेटू पुढच्या शनिवारी.